टीव्हीमागची भिंत आणि डोळ्यांचा शीण

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीतल्या एका काकांनी घर रंगवून घेतले. बारा बाय दहाचा हॉल, त्रेचाळीस इंची नवा टीव्ही, आणि त्याच्यामागे काकांच्या हौसेचा गडद निळा, चकचकीत ऑइल पेंट. भिंत उठून दिसत होती, यात शंका नाही. पण आठवड्याभरात काकूंची तक्रार सुरू झाली. रात्री जेवणानंतर तासभर मालिका पाहिली की कपाळ ठणकते, डोळे चुरचुरतात. चष्म्याचा नंबर तपासला तर तो बदललेला नव्हता. म्हणून आम्ही एका संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसलो.

काकांची सवय अशी की टीव्ही लावला की ट्यूबलाइट बंद. मग खोलीत उजेड फक्त पडद्याचा आणि भोवती काळोख. आपल्या बुबुळातली बाहुली उजेड पाहून लहान होते, अंधारात मोठी होते. मालिकेत रात्रीचा प्रसंग संपून एकदम पांढरी जाहिरात आली की तिला पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागते. भोवती थोडा उजेड असेल तर हा चढउतार सौम्य होतो. यात भिंतीचे काम एवढेच, की तिच्यावर पडलेला थोडा उजेड तिने परत द्यावा. गडद निळी भिंत तो जवळजवळ गिळूनच टाकते.

मग पांढरी का नको, असे काकूंनी लगेच विचारले. रात्री चालेल, पण दिवसा खिडकीचा उजेड पडला की पांढरी भिंत पडद्याशी स्पर्धा करते आणि चित्र फिके वाटते. मधला मार्ग फिकट ते मध्यम राखाडी. राखाडीच का, तर त्याला स्वतःचा असा रंग नसतो. निळ्या भिंतीशेजारी चित्रातल्या माणसांचे चेहरे किंचित पिवळसर वाटतात, लाल भिंतीशेजारी हिरवट. चित्र बिघडलेले नसते. भोवतालचा रंग पाहून डोळा तशी समजूत करून घेतो, आणि आपण उगाच रिमोट घेऊन रंग बदलत बसतो. शेड कार्डावर परावर्तनाचा आकडा (एलआरव्ही) दिलेला असेल तर घरासाठी साधारण 40 ते 60 मधली छटा पाहावी. आकडा जितका कमी तितकी भिंत गडद.

रंगाइतकीच महत्त्वाची त्याची चमक. ऑइल पेंटवर ट्यूबलाइटची लांब पांढरी रेघ उमटते आणि नजर सारखी तिकडे ओढली जाते. म्हणून मॅट फिनिशच हवे. मॅट रंगावर हाताचे डाग पडतात हे खरे, पण टीव्हीमागे हात लागतो कितीसा?

आम्ही दोन फुटी पुठ्ठ्यावर तीन छटा लावून सेलो टेपने टीव्हीच्या बाजूला चिकटवल्या. दुकानात पाहून रंग ठरवू नये. दुपारी एकदा आणि रात्री टीव्ही चालू असताना एकदा पाहावा. मधली छटा दिवसा बरी दिसली, रात्री मात्र निळसर. नुसता काळा स्टेनर घालून केलेल्या राखाडीत असे होते. पेंटरने त्यात थेंबभर पिवळा घातला आणि ती बसली. जुन्या ऑइल पेंटवर थेट मॅट रंग धरत नाही, म्हणून आधी पॉलिश पेपर मारून प्रायमर घेतला.

पण रात्री दिवा बंद केल्यावर कोणताही रंग काळाच. म्हणून टीव्हीच्या पाठीमागे, कडेपासून दोन इंच आत, पांढऱ्या एलईडीची पट्टी लावली. रंग बदलणारी घेऊ नये. 6500 के लिहिलेली पांढरी घ्यावी, कारण टीव्हीचा पांढराही साधारण तसाच असतो. भिंतीचा उजेड पडद्यावरच्या पांढऱ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा पुरे. तो डोळ्यांत भरत असेल तर जास्त झाला असे समजावे. टीव्ही भिंतीला अगदी चिकटवला असेल तर उजेड पसरत नाही, कडेला नुसते पट्टे दिसतात. तीनचार इंच फट हवी.

काकांचा निळा गेला कुठे? समोरच्या, म्हणजे सोफ्यामागच्या भिंतीवर, मॅटमध्ये. पडद्यात प्रतिबिंब पडते ते त्या भिंतीचे, त्यामुळे तिथे गडद रंग असणे उलट बरेच. शिवाय काकांना टीव्ही बंद करून उठताना तो दिसतो.

काकूंची डोकेदुखी गेली. डोळ्यांची चुरचुर मात्र थोडी राहिली, कारण टीव्ही फार उंच लावला होता. वर पाहताना पापण्या अधिक उघडतात आणि डोळा लवकर कोरडा पडतो. बसल्यावर नजर पडद्याच्या मध्यावर यावी, म्हणून ब्रॅकेट फूटभर खाली घ्यायचे ठरले आहे. काकांचा चष्मा मात्र वाचायचा, आणि तोच लावून ते टीव्ही पाहतात. त्यांना दिसणारा धूसरपणा कोणत्याही रंगाने जाणार नाही. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जावे लागेल.