साडेनऊ वर्षांची रेघ

नोकरी सोडलेल्या माणसाच्या मोबाईलवर पीएफचे पोर्टल उघडले की पैसे काढण्यासाठी दोन फॉर्म दिसतात. फॉर्म 19 हा भविष्यनिर्वाह निधीचा आणि फॉर्म 10-सी हा पेन्शनच्या रकमेचा. बहुतेक जण एकाच बैठकीत दोन्ही भरून मोकळे होतात. पहिल्या फॉर्मने खात्यात साठलेले पैसे येतात. दुसऱ्याने पैशांबरोबर नोकरीची वर्षेही पुसली जातात, हे मात्र तेव्हा सहसा कुणी सांगत नाही.

पीएफसाठी पगारातून, म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्त्यातून, 12 टक्के कापले जातात आणि कंपनीही तेवढेच भरते. कामगाराचे 12 टक्के पूर्णपणे पीएफमध्ये जातात. कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के मात्र 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू असलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत वळते होतात. सप्टेंबर 2014 पासून त्यासाठी वेतनाची मर्यादा 15,000 रुपये आहे, म्हणून पासबुकाच्या पेन्शनच्या रकान्यात महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये दिसतात. (1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला आणि तेव्हा मूळ वेतन व भत्ता मिळून 15,000 च्या वर असलेला कर्मचारी या योजनेत नसतोच, त्याच्या कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्ये जातो.)

या रकान्यावर व्याज चढत नाही. नोकरी बदलून पीएफ नव्या खात्यात वळवला की पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसते आणि माणूस धास्तावतो. पैसे बुडालेले नसतात. ते एका सामाईक निधीत आहेत आणि त्यातून कुणाला किती मिळणार हे शिलकीवर नव्हे, नोकरीची वर्षे आणि वेतन यांवर ठरते. पीएफ वळवला तेव्हा मागची वर्षे पुढच्या वर्षांना जोडली गेली, हाच त्या व्यवहाराचा खरा लाभ असतो.

पेन्शनसाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते. ती एकाच कंपनीत सलग व्हायला हवी असे नाही. चार ठिकाणची मिळून झाली तरी चालते. शिवाय सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो आणि सहा महिन्यांहून कमी असेल तो सोडून दिला जातो. त्यामुळे प्रत्यक्षातली रेघ साडेनऊ वर्षांवर आहे. ती ओलांडली की पेन्शनची रक्कम एकदम काढून घेता येत नाही आणि वयाच्या 58 व्या वर्षापासून दरमहा पेन्शनचा हक्क मिळतो. 50 नंतर लवकरही सुरू करता येते, पण 58 च्या अलीकडच्या प्रत्येक वर्षासाठी 4 टक्के घट सोसावी लागते.

रेघेच्या अलीकडे नोकरी सुटली तर दोन वाटा असतात. एक म्हणजे 10-सी भरून एकरकमी पैसे घेणे. ही रक्कम योजनेच्या तक्ता-डी नावाच्या कोष्टकावरून निघते: शेवटचे वेतन गुणिले सेवेच्या वर्षांसाठी ठरवलेला आकडा. तीन वर्षांना 2.98, चार वर्षांना 3.99, नऊ वर्षांना 9.33. जून 2024 पासून वरचे पूर्ण महिनेही हिशेबात घेतले जातात आणि सहा महिन्यांहून कमी नोकरी झालेल्यालाही काही रक्कम मिळते. त्याआधी अशांच्या हाती काहीच लागत नसे. दुसरी वाट म्हणजे त्याच फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र, म्हणजेच स्कीम सर्टिफिकेट, मागणे. त्यावर आजवरची सेवा नोंदलेली असते आणि पुढे पीएफ लागू असलेली नोकरी मिळाली की ती सेवा जोडता येते. लगेच दुसरी नोकरी लागली आणि यूएएन तोच असेल, तर केवळ पीएफ वळवूनही काम भागते.

समजा, चाकणच्या औद्योगिक वसाहतीतला एक तंत्रज्ञ 2015 मध्ये कामाला लागला. पेन्शनसाठी धरलेले वेतन सरळ 15,000 मानू. पहिल्या कारखान्यात चार वर्षे, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार. पहिली नोकरी सुटल्यावर त्याने 10-सी भरून 59,850 रुपये घेतले, दुसरी सुटल्यावर 44,700. तिसऱ्या नोकरीअखेर लोकांच्या लेखी तो अकरा वर्षे कामाला आहे. पेन्शन योजनेच्या लेखी त्याची चारच वर्षे झाली आहेत. दोन्ही वेळा त्याने फक्त पीएफ वळवला असता, तर अकरा वर्षे जुळली असती. पेन्शनचे सूत्र आहे शेवटच्या 60 महिन्यांचे सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले 70. म्हणजे 58 व्या वर्षापासून महिन्याला सुमारे 2,357 रुपये, आणि त्याच्या मागे पत्नीला साधारण निम्मे.

एवढ्याशा पेन्शनचे काय मोठेसे, असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. किमान रक्कम 2014 पासून 1,000 रुपये आहे आणि ती वाढावी म्हणून पेन्शनरांच्या संघटना सतत मागणी करत आल्या आहेत. तरुणपणी काढलेले लाखभर रुपये कुणी पंचवीस वर्षे हात न लावता गुंतवून ठेवले, तर आकडेमोडीत ते पेन्शनला मागेही टाकतील. पण नोकरी गेलेल्या महिन्यात काढलेला पैसा घरभाड्यात, हप्त्यात आणि दवाखान्यात जातो. त्या पैशाची निकड खरी असते आणि ते काढणाऱ्याला दोष देता येत नाही. निदान काय सोडून देतो आहोत हे त्याला आधी कळावे, एवढे तर व्हायलाच हवे.

सर्वांत वाईट नुकसान रेघेच्या तोंडाशी होते. 9 वर्षे 4 महिने झालेला माणूस 10-सी भरतो तेव्हा त्याला 15,000 च्या वेतनावर 1 लाख 40 हजारांच्या आसपास मिळतात. प्रमाणपत्र ठेवून कुठेही, कितीही लहान कंपनीत, पीएफसह आणखी दोन महिने काम केले असते, तर दहा वर्षे धरली जाऊन 58 पासून दरमहा सुमारे 2,143 रुपये लागू झाले असते. साडेपाच वर्षांत ती रक्कम वसूल होते आणि त्यानंतरही पेन्शन हयातभर चालूच राहते.

दहा वर्षांची अट मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला लागू नाही. नोकरीत असताना सदस्य दगावला आणि त्याच्या नावे एका महिन्याची वर्गणी जरी जमा असली, तरी पत्नी किंवा पतीला पेन्शन मिळते, आणि 25 वर्षांखालच्या दोन मुलांनाही. कामावर अपघात झालेल्या अनेक घरांत ‘दोनच वर्षे नोकरी झाली होती’ म्हणून अर्जच केला जात नाही, तो करायला हवा.

एकरकमी पैसे घेण्यासाठी थांबण्याचा काळही बदलतो आहे. आतापर्यंत नोकरी सुटल्यावर दोन महिने थांबावे लागे. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पेन्शनच्या रकमेसाठी हा काळ 36 महिने करण्याचा निर्णय घेतला. अर्ज करण्यापूर्वी पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडून प्रत्येक नोकरीची सुरुवातीची व शेवटची तारीख ताडून पाहावी. ठेकेदाराकडे काम केलेल्यांनी पासबुकातला पेन्शनचा रकाना महिन्यामागून महिना तपासावा. मध्येच महिने कोरे दिसले तर पगारपत्रके घेऊन पीएफ कार्यालयात तक्रार नोंदवावी, आणि ती ठेकेदार बदलण्याआधीच, कारण नंतर त्याचा पत्ता लागणेही अवघड होते.