चार उभ्या, एक तिरकी

इंडोनेशियात मतमोजणी बघायला गावच जमतं. मतपत्रिकेवर तिथे शिक्का मारत नाहीत, खिळ्याने भोक पाडतात. मतदान संपलं की केंद्रप्रमुख एकेक पत्रिका उलगडून सगळ्यांसमोर धरतो आणि भोक कुणाच्या चौकटीत पडलंय ते पुकारतो. मत वैध असेल तर ‘साह!’ असा पुकारा होतो. त्याच क्षणी दुसरा कर्मचारी भिंतीवर लावलेल्या मोठ्या कागदावर रेघ ओढतो. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावरून तिरकी, की झाला पाचांचा एक गठ्ठा. गोणी मोजताना आपल्याकडे हमाल अशाच रेघा मारतात. या मोठ्या कागदाला तिथे ‘प्लानो’ म्हणतात.

17 एप्रिल 2019 च्या निवडणुकीत अशी आठ लाखांवर केंद्रं होती आणि एका केंद्रावर जास्तीत जास्त तीनशे मतदार. ‘कवाल पमिलू’ या स्वयंसेवकांच्या गटाने लोकांना आवाहन केलं, की भिंतीवरच्या प्लानोचा फोटो काढून पाठवा. मोजणीचा पहिला कागद हाच. पुढचे सगळे आकडे यावरूनच उतरवले जातात आणि उतरवताना चूक होऊ शकते.

आता असा फोटो वाचायचा कसा? समजा, एका केंद्राच्या कागदावर दोन उमेदवार आहेत आणि एका ओळीत दहा गठ्ठे बसतात, म्हणजे भरलेली ओळ पन्नास मतांची. पहिल्या उमेदवाराच्या दोन ओळी पूर्ण, तिसरीत दोन गठ्ठे आणि तीन सुट्या रेघा: 100, 10 आणि 3, म्हणजे 113. दुसऱ्याच्याही दोन ओळी पूर्ण, तिसरीत सहा गठ्ठे आणि चार सुट्या: 134. बाद मतं तीन. सगळी मिळून 250 झाली. पण त्याच कागदावर वर लिहिलंय, की वापरलेल्या पत्रिका 255.

पाच मतं गेली कुठे? घाईने पुन्हा पहिल्यापासून मोजू नका, आधी फरकाचा आकडा बघा. फरक पन्नासाचा असेल तर एक अख्खी ओळ सुटलीय, नाहीतर एकावर एक येणाऱ्या दोन फोटोंत ती दोनदा मोजली गेलीय. फरक एकाचा असेल तर बहुधा फिकट तिरकी रेघ दिसली नाही आणि पाचाचा गठ्ठा चाराचा वाटला. पाचाचा फरक म्हणजे एक गठ्ठाच नजरेतून निसटला. म्हणून फोटो मोठा करून घडीची जागा, कडा आणि फ्लॅशने पांढरा पडलेला भाग तपासायचा. आपल्या कागदावर दुसऱ्या उमेदवाराच्या तिसऱ्या ओळीत, घडीच्या सावलीत, सातवा गठ्ठा सापडतो. त्याची मतं होतात 139. आता 113, 139 आणि 3 मिळून 255, म्हणजे बेरीज जुळली.

मताधिक्य 139 उणे 113, म्हणजे 26. बाद मतं यात धरायची नाहीत, पण पत्रिकांशी ताळा जुळवताना ती विसरायचीही नाहीत.

तरीही एक चूक या ताळ्यातून सुटते, आणि मला तीच सगळ्यात घातक वाटते. दुसऱ्याचं मत पुकारलं आणि दमलेल्या हाताने रेघ पहिल्याच्या ओळीत ओढली, तर बेरीज 255 च राहते. मताधिक्य मात्र एकाने नाही, दोनाने बदलतं, कारण एकाचं कमी होतं आणि तेच दुसऱ्याचं वाढतं. 26 च्या मताधिक्यात असं दोन-तीनदा झालं तरी विजेता तोच राहील. तेरा रेघा चुकल्या तर मात्र बरोबरी होईल. अशी चूक फोटोत दिसत नाही. ती पकडायची तर रेघ ओढली जाताना तिथे उभ्या असलेल्या साक्षीदारालाच पकडावी लागते, किंवा पत्रिका पुन्हा मोजाव्या लागतात.

हात दमणं ही तिथे साधी गोष्ट नव्हती. त्या दिवशी एकाच वेळी पाच निवडणुका होत्या, मोजणी पहाटेपर्यंत चालली. त्या निवडणुकीच्या कामात शेकडो कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला आणि अतिश्रम हे त्याचं मोठं कारण मानलं गेलं. पहाटेच्या रेघा वाकड्या दिसल्या, तर त्या ओढणारा माणूस आदल्या दिवशी सकाळपासून उभा होता हे लक्षात ठेवून त्या दोनदा वाचायच्या.

राष्ट्राध्यक्षपदाच्या अधिकृत निकालात जोको विदोदो यांना 8,56,07,362 मतं मिळाली आणि प्रबोवो सुबिआंतो यांना 6,86,50,239. मताधिक्य 1,69,57,123. या आकड्यातलं एकेक मत आधी कुठल्यातरी भिंतीवर एका रेघेच्या रूपात उमटलं होतं.