टेबल वाढवलं, खेपाही वाढल्या

ऑपरेटिंग सिस्टीमच्या तासाला पेजिंगची स्लाइड हमखास येते. डावीकडे चौकोनांची एक रांग, उजवीकडे दुसरी, मध्ये बाणांचं जाळं. मुलं बाण इमानेइतबारे वहीत उतरवतात आणि कळत काहीच नाही. त्यापेक्षा ग्रंथालयातलं वाचनाचं टेबल डोळ्यांसमोर आणावं.

कपाटं म्हणजे डिस्क, टेबल म्हणजे रॅम. वाचक, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, सगळी पुस्तकं आपल्या हाताशीच आहेत अशा थाटात मागणी करतो. हा थाट म्हणजेच व्हर्च्युअल मेमरी. प्रत्येक पुस्तक, म्हणजे पेज, सारख्याच जाडीचं, बहुधा ४०९६ बाइटचं असतं. त्यामुळे कुठलंही पुस्तक टेबलावरच्या कुठल्याही जागेत बसतं. कोणतं कुठे आहे, हे नोंदवहीत लिहिलेलं असतं. ही वही म्हणजे पेज टेबल. प्रोग्रॅमने ८२०० हा पत्ता मागितला, की त्याला ४०९६ने भागायचं: भागाकार २, बाकी ८. म्हणजे दोन क्रमांकाच्या पेजमध्ये सुरुवातीपासून आठ बाइट पुढे. पेजची मोजणी शून्यापासून होते, एवढं ध्यानात ठेवायचं.

वहीत ‘टेबलावर नाही’ असं निघालं, तर तो पेज फॉल्ट. मग ऑपरेटिंग सिस्टीम शिपायासारखी कपाटाकडे जाते. टेबलावरचं पुस्तक उघडायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून ते आणायला दिवसभराहून जास्त वेळ जाईल. एसएसडीवरून साधारण पाव तास. म्हणून खेपा वाचवायच्या.

टेबल भरलेलं असताना कोणतं पुस्तक परत पाठवायचं? जे आधी आलं ते आधी जाईल, हा नियम न्याय्य वाटतो. पण १९६९ साली आयबीएममधल्या लास्लो बेलडी आणि सहकाऱ्यांनी त्याची गंमत दाखवली. पुस्तकं या क्रमाने मागा: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. टेबलावर तीन जागा असतील, तर ९ खेपा होतात. चार जागा केल्या, तर १०! पाच नंबरचं पुस्तक आलं की एक नंबरचं जातं, आणि लगेच एकचीच मागणी येते. त्यासाठी दोन जातं, की पुढची मागणी दोनची. जे नुकतं हलवलं, नेमकं तेच हवं असतं.

सर्वांत जास्त वेळ हात न लागलेलं पुस्तक हलवायचं ठरवलं, तर याच क्रमाला तीन जागांत १० आणि चार जागांत ८ खेपा लागतात. या नियमात जागा वाढवल्याने खेपा कधीच वाढत नाहीत. फक्त प्रत्येक स्पर्शाची वेळ टिपत बसणं फार महाग पडतं. म्हणून शिपाई सोपी युक्ती करतो. हात लागलेल्या पुस्तकावर खूण पडते. जागा हवी झाली की तो टेबलाभोवती फिरतो, खूण दिसली तर ती पुसून पुढे सरकतो आणि बिनखुणेचं पहिलं पुस्तक उचलतो.