अंथरुणावरच्या माणसाच्या रिटर्नवर सही कोणाची?

आयकराचे रिटर्न भरून पोर्टलवर चढवले, तरी पडताळणी होईपर्यंत ते कायद्याच्या लेखी भरलेले नसते. त्यासाठी 30 दिवस मिळतात. ही पडताळणी करदात्यानेच करायची असते. तो आजारपणामुळे ती करू शकत नसेल, तर 1961 च्या आयकर कायद्याचे कलम 140 दोन वाटा देते. कोणती धरायची, हे आजार किती मोठा आहे यावर नव्हे, तर माणसाची समज शाबूत आहे की नाही यावर ठरते.

समजा, अर्धांगवायूने एका निवृत्त शिक्षकाचा उजवा हात गेला आहे, बोलणेही अडखळते. पण समोरचा काय म्हणतो ते त्यांना नीट कळते. अशा वेळी ते मुलाला मुखत्यारपत्र देऊ शकतात. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. मजकूर वाचून दाखवल्याची नोंद, दोन साक्षीदार आणि समजशक्ती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत असलेला बरा. नोटरीला घरी बोलावता येते. मग वडिलांच्या खात्यातून ‘Authorised Partners’ मध्ये जाऊन ‘Authorise another person to act on behalf of self’ निवडायचे, मुलाचा पॅन आणि कारण भरायचे, मुखत्यारपत्र जोडायचे. मुलाने स्वतःच्या खात्यातल्या ‘Worklist’ मध्ये ही विनंती स्वीकारायची. हे सारे रिटर्न भरण्याआधी उरकावे, कारण पडताळणीच्या रकान्यात मुलाचे नाव, पॅन आणि तो कोणत्या नात्याने सही करतो ते यावे लागते. पुढे ओटीपी येतो तो मुलाच्या आधारचा.

स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा कोमात गेलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्याकडून आता मुखत्यारपत्र घेता येत नाही. पूर्वी करून ठेवलेलेही उपयोगी पडत नाही, कारण करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपते. बहुतेक घरे फसतात ती इथेच: कपाटातला जुना स्टँपपेपर काढून व्यवहार चालू राहतात. इथे पालक किंवा त्या व्यक्तीच्या वतीने काम पाहण्यास कायद्याने पात्र माणूस लागतो, आणि पत्नी किंवा मुलगा नात्याने आपोआप पालक होत नाही. कोमातल्या रुग्णांसाठी कुटुंबे उच्च न्यायालयात जातात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते. आदेश हाती आल्यावर पालक स्वतःच्या खात्यातून ‘Register as Representative’ हा अर्ज करतो. विभागाने तो मंजूर केल्यावरच त्याला रिटर्न भरता येते.

वडिलांचा फोन उशाशी असतो, त्यावर आलेला ओटीपी टाकून मोकळे होण्याचा मोह साहजिक आहे. वडिलांना कळत असेल आणि त्यांनीच तो टाकायला सांगितला, तर पडताळणी त्यांची ठरते. त्यांना काहीच कळत नसेल, तर ज्याने कधी होकार दिला नाही अशा माणसाचे ते खोटे प्रतिज्ञापन होते.

30 दिवस उलटल्यावर पडताळणी झाली, तर तीच रिटर्न भरल्याची तारीख धरली जाते, आणि मुदत टळलेली असल्यास 5,000 रुपयांपर्यंत विलंबशुल्क लागते.