स्टुटगार्टचं पत्र : दीड महिन्याची शिल्लक

इथे नोकरी करून पाच वर्षं भरली आणि वय सत्तावीस झालं, की पेन्शन विम्याकडून दरवर्षी एक पत्र यायला लागतं. आमच्या इमारतीत पुण्याहून आलेला एक तरुण इंजिनिअर राहतो. त्याचं पहिलं पत्र घेऊन तो माझ्याकडे आला आणि विचारू लागला, ‘‘काका, माझे किती युरो जमा झालेत ते यात कुठे लिहिलंय?’’ आपल्याकडच्या प्रॉव्हिडंट फंडाची सवय, त्यामुळे प्रश्न साहजिकच होता. पण त्या पत्रात शिल्लक रक्कम नसतेच, कारण ती कुठेच नसते. असतात ते गुण.

हिशेब असा. देशाच्या सरासरीएवढा पगार वर्षभर मिळवला, की एक गुण. 2025 साठी ही सरासरी वर्षाला 50,493 युरो धरली होती. अर्धा पगार असेल तर अर्धा गुण. सरासरी पगारवाल्याचे महिन्याला सुमारे 391 युरो कापले जातात आणि तेवढेच मालक घालतो; दोन्ही मिळून पगाराच्या 18.6 टक्के. हे पैसे त्याच्या नावावर साठत नाहीत, आजच्या म्हाताऱ्यांना वाटले जातात. गंगाजळी आहे, पण कायद्यानं तिची वरची मर्यादाच दीड महिन्याच्या खर्चाएवढी ठेवलेली आहे. निवृत्तीच्या वेळी गुणांना त्या काळच्या दरानं गुणायचं. जुलै 2025 पासून हा दर 40.79 युरो होता. पंचेचाळीस वर्षं सरासरी पगारावर काम केलेल्याला त्या दरानं महिन्याला 1,835 युरो बसतात, कर आणि आजारविमा वजा व्हायच्या आधी.

साठवणीचा मार्ग जर्मनांनी पूर्वी चोखाळला होता. बिस्मार्कच्या 1889 च्या कायद्यात राखीव निधी होता. 1923 ची महागाई आणि पुढे महायुद्ध, यांत तो धुऊन गेला. मग 1957 मध्ये चान्सलर आडेनाउअर यांनी पेन्शन चालू पगारांना बांधली. त्यानं वृद्धांची गरिबी खरोखरच बरीच कमी झाली. त्याच वर्षी त्यांच्या आघाडीला निम्म्याहून जास्त मतं मिळाली, हेही सांगायला हवं.

आता गोम कुठे आहे ते सोप्या आकड्यांत पाहू. समजा पगार 100 आणि पेन्शन 48. एका निवृत्तामागे सहा कमावते असतील तर प्रत्येकानं 8 द्यायचे, दोघे असतील तर 24. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथे साधारण सहा होते, आज जेमतेम दोन आहेत. तरीही कपात 24 होत नाही, याचं एक मोठं कारण म्हणजे सरकार करांतून दरवर्षी 100 अब्ज युरोंहून जास्त रक्कम ओततं. पगारपत्रकावर न दिसणारा हा हप्ता तोच कमावता माणूस वस्तू विकत घेताना भरत असतो.

या यंत्राला फिरवायला स्क्रू मोजकेच : कपात वाढवा, पेन्शन हळू वाढवा, निवृत्तीचं वय पुढे न्या, नाहीतर करांतून भर घाला. वय 67 वर नेण्याचा कायदा 2007 मध्ये झाला. पण 2014 मध्ये, पंचेचाळीस वर्षं वर्गणी भरलेल्यांना लवकर आणि कपातीविना निवृत्त होण्याची वाट करून दिली गेली. एका हातानं आवळायचं, दुसऱ्यानं सैल सोडायचं. दुसऱ्या स्क्रूचंही तेच. 2005 पासून सूत्रात एक घटक आहे : कमावत्यांच्या मानानं निवृत्त वाढले, की पेन्शनची वाढ आपोआप पगारवाढीच्या मागे राहते. म्हणजे ओझं दोन पिढ्यांत वाटलं जातं. पण पेन्शन ठरावीक पातळीच्या, 48 टक्क्यांच्या, खाली जाऊ द्यायची नाही अशी हमी वर लादली, की हा ब्रेक लागतच नाही आणि सगळा भार कमावत्यांवर येतो. ही हमी 2025 पर्यंतच होती. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं ती 2031 पर्यंत वाढवली, तेव्हा सत्ताधारी पक्षातले तरुण खासदारच कुरकुरत होते. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण मतदारयादीत पन्नाशी ओलांडलेल्यांचं पारडं जड आहे.

इंजिनिअरला मी एवढंच सांगितलं, की त्याचा हक्क पक्का आहे. भारत आणि जर्मनी यांच्यातला करार 2017 पासून लागू असल्यानं पुण्यात परतला तरी पेन्शन तिथे मिळेल. किती, ते मात्र त्याच्या म्हातारपणी इथे कमावणारे किती उरतील आणि ते किती कमावतील, यावर ठरेल. जर्मनीत सर्वांत जास्त मुलं 1964 मध्ये जन्मली, साडेतेरा लाखांहून जास्त. 2023 मध्ये जन्मली सात लाखांहून कमी. ती 1964 ची मंडळी सदुसष्ट वर्षांची होतील 2031 मध्ये, आणि 48 टक्क्यांची हमी संपते तीही त्याच वर्षी.