टॉवेल दांडीवर की जमिनीवर?

‘पृथ्वी वाचवा’ असं बजावण्यापेक्षा इतर पाहुणे काय करतात ते सांगितलं तर? अमेरिकेतल्या एका हॉटेलात गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस या संशोधकांनी हेच तपासलं. २००८ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पर्यावरणाचं नेहमीचं आवाहन वाचून सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ अशा आशयाच्या कार्डामुळे हे प्रमाण ४४ टक्क्यांवर गेलं.

जर्मनीत मात्र ही युक्ती नेहमीच्या आवाहनापेक्षा वरचढ ठरली नाही. तिथे एकूणच बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरत होते, हे त्यामागचं एक कारण असू शकतं.

महाराष्ट्रातल्या हॉटेलसाठी मराठी-हिंदी कार्ड असं करता येईल:

‘टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर टांगा. बदलून हवा असेल तर जमिनीवर ठेवा.’

‘तौलिया दोबारा इस्तेमाल करना हो तो टाँग दीजिए। बदलवाना हो तो फ़र्श पर रख दीजिए।’

दोन्ही पर्याय समान मानाने लिहिले, की टॉवेल बदलून मागणाऱ्यालाही संकोच वाटत नाही. ‘बहुतेक पाहुणे’ हे वाक्य मात्र त्या हॉटेलात खरं असेल तरच जोडावं. आणि सफाई कर्मचाऱ्यांनाही खुणा समजावून द्याव्यात. टांगलेला टॉवेलही धुवायला गेला, तर कार्ड निरुपयोगी ठरतं.