गच्ची गळते जुलैत, काम होतं दिवाळीनंतर

शिराळा तालुक्यात चांदोलीकडे जाऊ तसा पाऊस वाढतो. आरळा, चरण, कोकरूड या पट्ट्यात जून-जुलैमध्ये स्लॅबच्या घरांना गळती लागते, आणि वॉटरप्रूफिंग करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येऊ लागतात. त्यांतले बरेच मुंबईहून येतात. मुलगा तिकडे नोकरीला, घरात आईवडील किंवा चुलते. गावाकडून फोटो त्याला जातो आणि त्याच्याकडून कारागिराला. या चौकश्यांपैकी थोड्याच कामापर्यंत पोचतात. दर जास्त पडला, असं कारण बहुतेक वेळा सांगितलं जातं. माझ्या मते खरं कारण त्याआधीच, मेसेज आल्यापासूनच्या हाताळणीत असतं, आणि त्यामागे चार समज आहेत.

गैरसमज : ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’वर स्वागताचा मेसेज लावला की चौकशी सांभाळली जाते.

हा मेसेज आपोआप जातो, पण प्रत्येक वेळी नाही. ग्राहकानं पहिल्यांदा लिहिलं, किंवा १४ दिवस काहीच बोलणं न होता पुन्हा लिहिलं, तरच तो जातो. सोमवारी विचारून गेलेला माणूस शुक्रवारी परत आला, तर त्याला काहीच मिळत नाही. शिवाय ‘आपले स्वागत आहे, लवकरच संपर्क करू’ एवढ्यानं कारागिराला काही कळतही नाही. त्या जागी प्रश्न विचारले तर मेसेज कामाला येतो:

“नमस्कार. गळतीचं काम असेल तर एवढं कळवा : १) गाव आणि वाडी, २) छताचा आतून एक आणि गच्चीचा वरून एक फोटो, ३) पाऊस नसतानाही ओल राहते का, ४) घरी कोण भेटेल, त्यांचा नंबर.”

यातला तिसरा प्रश्न सर्वात मोलाचा. आठ दिवस उघडीप असूनही डाग ओलाच असेल, तर दोष बहुधा गच्चीत नसून टाकीच्या किंवा बाथरूमच्या पाइपात असतो. मग वॉटरप्रूफिंगवाल्याऐवजी प्लंबर पाठवावा लागतो. हे आधी कळलं तर शिराळ्याहून आरळ्यापर्यंतची एक फेरी वाचते. चौथा प्रश्न मुंबईकरांसाठी आहे. पैसे देणारा आणि दार उघडणारा वेगळे असतात, म्हणून दोघांचे नंबर एकाच नोंदीत हवेत.

चौकशी कुठून आली हेही पहिल्याच मेसेजमध्ये कळू शकतं. दुकानाच्या पाटीवर, हार्डवेअरच्या काउंटरवर, गावच्या ग्रुपमध्ये वेगवेगळी लिंक द्यायची. ती अशी बनते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=GALTI%20KOKRUD
```

X च्या जागी आपला दहा अंकी नंबर घालायचा. आधी 91 हवे, पण अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको. लिंक दाबली की ग्राहकापुढे ‘GALTI KOKRUD’ हा मेसेज तयार दिसतो, त्यानं फक्त पाठवायचा. मात्र तो पुसून स्वतःचं काही लिहिलं, तर ही खूण हरवते. अशा वेळी ‘नंबर कुठून मिळाला?’ असं सरळ विचारावं.

गैरसमज : लगेच दर सांगितला नाही तर ग्राहक दुसरीकडे जातो.

‘फुटाला किती?’ हा प्रश्न येणारच. तो टाळला की माणूस वैतागतो आणि फोटो बघून ठाम आकडा दिला की कारागीर अडकतो. गच्चीला किती भेगा आहेत, जुना थर सुटलाय का, पॅरापेटच्या कडेनं पाणी उतरतंय का, हे वर चढल्याशिवाय कळत नाही. म्हणून कमी-जास्त अशा दोन आकड्यांत अंदाज द्यावा आणि दर कशानं वाढेल तेही त्याच मेसेजमध्ये लिहावं. पाहणीची तारीखसुद्धा तिथंच मागावी.

गैरसमज : दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही, म्हणजे काम गेलं.

सगळ्यात जास्त नुकसान या समजानं होतं. एक उदाहरण घेऊ. समजा, कोकरूडजवळच्या एका घराची चौकशी मुंबईतल्या मुलानं ८ जुलैला केली. फोटो आले, घरी असणाऱ्या चुलत्यांचा नंबर आला. ११ तारखेला पाहणी झाली : गच्ची साधारण ६०० चौरस फूट, पाणी जायच्या दोन भोकांपैकी एक पालापाचोळ्यानं बंद, कडेला लांब भेग. त्यानंतर मुलाकडून काहीच उत्तर नाही.

आता ओल्या स्लॅबवर थर मारला तर तो सुटतो. साधी परीक्षा अशी : दोन फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवायचा. सकाळी त्याखाली दव धरलं असेल तर स्लॅब सुकलेला नाही. जुलैत चांदोलीच्या बाजूला तो सुकण्याची आशाच नको. म्हणजे या माणसाचं गप्प राहणं बरोबरच होतं, आज विकत घेण्यासारखं काही नव्हतंच.

तरी पुढची पावलं ठरलेली हवीत. पाहणीच्या संध्याकाळी मुलाला आणि चुलत्यांना तेच फोटो, तोच अंदाज पाठवायचा. एकाला सांगून दुसऱ्याला कळेल, असं धरून चालू नये. तिसऱ्या दिवशी नुसतं ‘काय ठरलं?’ न विचारता उपयोगाचं काहीतरी पाठवावं : “दादा, तुंबलेलं भोक काकांकडून मोकळं करून घ्या, तोवर गळती कमी होईल.” सातव्या दिवशी शेवटचा प्रश्न : “काम दिवाळीनंतर करायचं की उन्हाळ्यात? आठवण करू का? नको असेल तर तसं कळवा, पुन्हा मेसेज करणार नाही.”

‘दिवाळीनंतर’ असं उत्तर आलं की चॅटला त्याच नावाचं लेबल लावायचं. लेबल लावल्यानं मेसेज आपोआप जात नाही, म्हणून फोनच्या कॅलेंडरमध्ये किंवा वहीत तारीखही लिहायची. नागपंचमीला, गणपतीला आणि दिवाळीला मुंबईकर गावी येतात. मुलगा आणि चुलते एका गच्चीवर उभे असताना निर्णय होतो, म्हणून भेटीची वेळ त्या दिवसांसाठी आधीच मागून ठेवावी.

सातव्या दिवशीही उत्तर आलं नाही तर थांबावं. दिवाळीनंतर एकदा विचारावं, तेही गप्प गेलं तर नोंद बंद.

गैरसमज : जुने सगळे नंबर घालून ब्रॉडकास्ट केला की काम मिळतं.

ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. एकदाच चौकशी केलेल्या माणसानं तो बहुधा केलेला नसतो. यावर उपाय म्हणून कोणी एकगठ्ठा मेसेज पाठवणारं बाहेरचं सॉफ्टवेअर देऊ करतं. त्याच्या वाटेला जाऊ नये. ते व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमात बसत नाही. लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट केलं की नंबर बंद पडू शकतो, आणि दुकानाच्या पाटीवर तोच नंबर असतो. त्यापेक्षा ‘आठवण करा’ म्हणालेल्यांना एकेक करून, गावाचं नाव आणि त्यांच्याच गच्चीचा फोटो घालून लिहावं. हंगामात असे शंभरेक मेसेज एका माणसाला जमतात.

काम झाल्यावरचा एक मेसेज मात्र सहसा कोणाच्या यादीत नसतो. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर चुलत्यांना छताचा फोटो मागावा. जुना डाग दिसला तर घाबरायचं कारण नाही, पेन्सिलनं त्याच्या कडेनं रेघ मारायला सांगावी आणि चार दिवसांनी पुन्हा फोटो मागावा. डाग रेघेबाहेर गेला, तर गळती चालू आहे आणि उघडीप मिळताच आपल्याच खर्चानं गच्चीवर चढायचं आहे.